विक्रेता करार वाचताना: एका गोधडीचा हिशेब

ऑनलाइन बाजारपेठेवर विक्रेता म्हणून नोंदणी करताना पॅन, बँक खाते आणि जीएसटी क्रमांक भरून झाला की शेवटी एक छोटा चौकोन येतो आणि त्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती खूण म्हणजे तुमची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम १०अ नुसार एखादा करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणावरून अवैध ठरत नाही, त्यामुळे ‘आम्ही तो वाचलाच नव्हता’ हे म्हणणे पुढे उपयोगी पडत नाही.

हा करार वाचून त्यातला एखादा मुद्दा बदलून मागता येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. घरून व्यवसाय करणाऱ्या एका विक्रेत्यासाठी कोणतीही मोठी बाजारपेठ आपला मसुदा बदलत नाही. तरीही तो वाचायचा, कारण वस्तूची किंमत किती ठेवायची, ती कशी बांधायची, हाताशी भांडवल किती हवे आणि कोणत्या नोंदी जपून ठेवायच्या, हे चारही निर्णय करारातील चार भागांवरून ठरतात. ते भाग म्हणजे कमिशन, परत येणाऱ्या मालाची जबाबदारी, पैसे जमा होण्याचे चक्र आणि खाते निलंबन.

हे भाग नुसते वाचले तर डोक्यात राहत नाहीत. म्हणून आपण एकच वस्तू घेऊन त्यांमधून जाऊ. समजा, साताऱ्यात राहणाऱ्या एक बाई सुती कापडाच्या लहान मुलांच्या गोधड्या शिवून घेतात आणि ऑनलाइन विकतात. एका गोधडीची विक्री किंमत १,०५० रुपये आहे, म्हणजे मूळ किंमत १,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के दराने ५० रुपये जीएसटी. कापड, आतले थर आणि दोरा मिळून ३२० रुपये, शिलाईची मजुरी २५० रुपये आणि बांधणीचे साहित्य २५ रुपये, असा एका नगाचा खर्च ५९५ रुपये आहे. पुढे येणारे कमिशन आणि वाहतुकीचे दर हे उदाहरणापुरते घेतले आहेत. तुमच्या बाजारपेठेच्या दरपत्रकातील आकडे त्यांच्या जागी घालून हाच हिशेब करावा.

पायरी १: करार म्हणजे नेमके कोणते कागद, हे आधी ठरवा

ज्याला ‘विक्रेता करार’ म्हटले जाते तो मुख्य दस्तऐवज बहुधा सर्वांत कमी माहिती देणारा असतो. त्यात कमिशनचा आकडा नसतो, परतीची मुदत नसते आणि पैसे किती दिवसांनी मिळतील तेही नसते. तिथे एवढेच लिहिलेले असते की शुल्काचे दरपत्रक, परतीचे धोरण, विक्रेत्याच्या कामगिरीचे निकष आणि त्या त्या वर्गातील वस्तूंचे नियम हे या कराराचाच भाग समजले जातील. म्हणून मुख्य करारातील निळ्या अक्षरांतली प्रत्येक दुवा-ओळ उघडून तिथले पान पीडीएफ करून ठेवावे आणि फाइलच्या नावात तारीख घालावी. ही पाने बदलत असतात. ‘सुधारणा’ या शीर्षकाखालील कलमात बदलाची सूचना कशी दिली जाईल ते लिहिलेले असते. ती ईमेलने येणार असेल, तर नोंदणीसाठी दिलेला ईमेल पत्ता रोज उघडला जाणारा असला पाहिजे. मुलाने कॉलेजात असताना उघडून दिलेला आणि पासवर्ड विसरलेला पत्ता इथे चालत नाही.

जीएसटी क्रमांक नसलेल्यांसाठी एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणीच्या मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या आणि फक्त आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या व्यक्तीला जीएसटी नोंदणीशिवायही ऑनलाइन बाजारपेठेवर विक्री करता येते. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून स्वतंत्र नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. मात्र साताऱ्याची गोधडी बेळगाव किंवा इंदूरला पाठवायची असेल, तर नोंदणी घ्यावीच लागते. आपल्या उदाहरणातील बाईंनी ती घेतलेली आहे असे धरू.

पायरी २: कमिशनचा आकडा नव्हे, एका नगामागची पूर्ण कपात काढा

नवे विक्रेते दोन बाजारपेठांची तुलना कमिशनच्या टक्क्यावरून करतात आणि तिथेच फसतात. काही ठिकाणी स्वस्त वस्तूंवर ‘शून्य कमिशन’ असते आणि ते खरेही असते, पण कमिशन हे अनेक शुल्कांपैकी केवळ एक आहे. त्याशिवाय प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक शुल्क असते, वाहतुकीचे शुल्क असते, काही ठिकाणी पैसे गोळा करण्याचे शुल्क असते आणि या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो.

दरपत्रकात पहिल्यांदा एक गोष्ट शोधावी: कमिशन कोणत्या रकमेवर मोजले जाते? ते बहुधा ग्राहकाने भरलेल्या, म्हणजे करासहित किमतीवर असते. आपल्या गोधडीवर १२ टक्के कमिशन असेल, तर ते १,००० वर नव्हे तर १,०५० वर, म्हणजे १२६ रुपये होते. ठरावीक शुल्क २५ रुपये धरू.

आता वाहतूक, आणि गोधडीच्या बाबतीत सगळा खेळ इथेच आहे. वाहतुकीचे शुल्क प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेले वजन या दोहोंपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. घनफळाचे वजन काढण्यासाठी पाकिटाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला सामान्यतः ५,००० ने भागतात. उत्तर किलोमध्ये येते. बाईंच्या गोधडीचे वजन ९०० ग्रॅम आहे. ती सैल घडी करून ४० × ३० × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात भरली, तर घनफळाचे वजन ३.६ किलो येते आणि शुल्क ४ किलोच्या टप्प्याचे लागते. तीच गोधडी घट्ट घडी करून, हवा काढून बंद होणाऱ्या पिशवीत दाबून ३६ × २७ × ५ सेंटिमीटरच्या पाकिटात बसवली, तर हे वजन ०.९७ किलो भरते आणि १ किलोचा टप्पा पुरतो. पहिल्या अर्ध्या किलोला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला २० रुपये असा दर धरला, तर पहिल्या पाकिटाला २०० रुपये आणि दुसऱ्याला ८० रुपये लागतील. कमिशनचा टक्का कमी असलेली बाजारपेठ शोधत महिनाभर घालवूनही नगामागे १२० रुपये वाचत नाहीत.

दाबून बांधलेल्या गोधडीचा हिशेब पूर्ण करू. कमिशन १२६, ठरावीक शुल्क २५ आणि वाहतूक ८० मिळून २३१ रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी ४१ रुपये ५८ पैसे. याशिवाय दोन करकपाती असतात. जीएसटी कायद्याप्रमाणे बाजारपेठ करपात्र मूल्याच्या ०.५ टक्के रक्कम कापून सरकारकडे भरते (१० जुलै २०२४ पूर्वी हा दर १ टक्का होता), म्हणजे ५ रुपये. प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का, म्हणजे १ रुपया कापला जातो. मात्र विक्रेता व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, वर्षभरातली त्या बाजारपेठेवरची एकूण विक्री ५ लाख रुपयांपेक्षा जास्त नसेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर ही दुसरी कपात होत नाही. सगळे वजा जाता बाईंच्या खात्यात ७७१ रुपये ४२ पैसे जमा होतात.

ही रक्कम कमाई समजू नये. ग्राहकाकडून आलेले ५० रुपये जीएसटी सरकारचे आहेत. त्यांतून शुल्कांवर भरलेला ४१ रुपये ५८ पैशांचा जीएसटी वळता करून घेता येतो, म्हणजे ८ रुपये ४२ पैसे आणखी भरायचे राहतात. कापलेले ५ रुपये जीएसटी पोर्टलवर बाजारपेठेच्या विवरणातून दिसतात, पण ते आपोआप वापरता येत नाहीत. तिथे कपातीच्या जमेचे जे विवरण असते ते उघडून स्वीकारावे लागते, त्यानंतरच ते तुमच्या रोख खातेवहीत येतात. अनेक घरगुती विक्रेत्यांची ही रक्कम वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. प्राप्तिकराचा रुपया विवरणपत्र भरताना वळता होतो. हे सगळे धरून गोधडीमागे हाती राहतात ७६९ रुपये आणि त्यांतून ५९५ खर्च वजा केला की उरतात १७४. (कापडावर भरलेल्या जीएसटीचा फायदा इथे मोजलेला नाही; कापडाचे पक्के बिल असेल तर तोही मिळेल.) सैल खोक्यात पाठवली असती तर हेच १७४ रुपये ५४ वर आले असते. जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला शुल्कांवरचा १८ टक्के जीएसटी वळता करता येत नाही, तो त्याच्यासाठी निव्वळ खर्च आहे.

आणखी एक कलम याच भागात असते: वाहतूकदाराने यंत्रावर केलेले मोजमाप अंतिम राहील. पिशवी वाटेत फुगली आणि मोजणीत उंची ५ ऐवजी ९ सेंटिमीटर आली, तर फरकाचे शुल्क पुढच्या हिशेबातून कापले जाते. ही कपात ‘वजनातील फरक’ अशा नावाने येते आणि तिच्यावर ठरावीक दिवसांतच हरकत घेता येते. म्हणून प्रत्येक मापाच्या बांधलेल्या पाकिटाचा, शेजारी मोजपट्टी आणि खाली वजनकाटा दिसेल असा फोटो काढून ठेवावा. हरकतीसोबत तोच जोडायचा असतो.

मोठ्या सेलच्या काळातील सवलतीचे कलमही इथेच वाचून घ्यावे. परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठेने विक्री किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असा केंद्र सरकारचा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. त्यामुळे सवलत ‘विक्रेत्याने दिलेली’ म्हणून नोंदली जाते आणि ती तुमच्याच खिशातून जाते. बाजारपेठेच्या संकेतस्थळावरील विक्रेत्याच्या पॅनेलवर सेलमध्ये सहभागाची खूण आधीच केलेली तर नाही ना, हे पाहावे. १,०५० च्या गोधडीवर १५ टक्के सवलत गेली, तर १७४ मधले फारसे काही उरत नाही.

पायरी ३: परत आलेल्या मालाचा भार कोणावर, ते वेगवेगळे करून वाचा

परतीचे धोरण एकच दिसत असले तरी त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांची जबाबदारीही वेगवेगळी असते.

पहिली म्हणजे कायद्याने घ्यावीच लागणारी परत. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास आणि पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत आपल्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा अपवाद आहे. याच नियमांनुसार वर्णन आणि चित्रे वस्तूशी तंतोतंत जुळतील अशी हमी बाजारपेठ विक्रेत्याकडून लिहून घेते. हाताने शिवलेल्या गोधडीला हे कलम चांगलेच अडचणीत आणते. प्रत्येक नगाच्या कापडाची नक्षी वेगळी असते आणि फोटोत दिसणारा लाल रंग हातात आल्यावर विटकरी वाटू शकतो. वर्णनात मोजमाप सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये आणि ‘प्रत्येक नगाची नक्षी वेगळी असेल’ हे वाक्य स्पष्ट लिहावे, तसेच फोटो घराबाहेर दिवसाच्या उजेडात काढावेत. याच नियमांनी विक्रेत्यावर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचीही जबाबदारी टाकली आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात तिचे निवारण करायचे असते. घरगुती व्यवसायात हा अधिकारी म्हणजे अर्थातच स्वतः मालक, तेव्हा आपले नाव आणि फोन त्या रकान्यात भरावा.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्राहकाचे मन बदलले म्हणून होणारी परत. ही कायद्याने नव्हे, तर बाजारपेठेच्या धोरणामुळे घ्यावी लागते. त्या त्या वर्गासाठी परतीची मुदत किती आहे आणि पैसे परत द्यायचे की फक्त बदलून द्यायचे, एवढे पाहून ठेवावे.

तिसरी म्हणजे ग्राहकाने पार्सल घेतलेच नाही किंवा पत्ता सापडला नाही, म्हणून वाटेतूनच परत आलेला माल. विक्रेते याला आरटीओ म्हणतात. घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरमध्ये हा प्रकार जास्त होतो. यात वाहतुकीचे शुल्क विक्रेत्यावर पडते की नाही, याचे उत्तर वेगवेगळ्या बाजारपेठांत वेगवेगळे आहे, म्हणून दरपत्रकात तो शब्द शोधून ती ओळ अधोरेखित करावी.

आता ग्राहकाने परत केलेल्या एका गोधडीचा हिशेब. कमिशनचे १२६ रुपये परत मिळाले असे धरू. ठरावीक शुल्काचे २५ आणि जाण्याच्या वाहतुकीचे ८० परत मिळाले नाहीत, शिवाय येण्याच्या वाहतुकीचे १०० लागले. हे २०५ रुपये, बांधणीचे २५ धरून २३० रुपये एका परतीला जातात. दहा गोधड्या पाठवल्या आणि दोन परत आल्या, तर आठ विक्रींचा नफा १,३९२ आणि दोन परतींचा तोटा ४६०, म्हणजे ९३२ उरतात. परत आलेल्या दोनपैकी एक मळलेली किंवा धुतलेली निघाली आणि पुन्हा विकता आली नाही, तर कापड आणि मजुरीचे ५७० रुपयेही बुडतात आणि दहा ऑर्डरींतून ३६२ रुपये हाती येतात. सैल खोक्यातून पाठवणाऱ्याचे तर इथे घरचेच पैसे जातात. म्हणूनच किंमत ठरवताना दर दहांत किती परत येतील हे आधी धरावे लागते. नंतर धरून उपयोग नसतो.

मळलेल्या किंवा बदललेल्या मालाची भरपाई मागता येते. ॲमेझॉनवर तो दावा ‘सेफ-टी’ या नावाने, तर फ्लिपकार्टवर विक्रेता संरक्षण निधीखाली, म्हणजे ‘एसपीएफ’ म्हणून केला जातो. इतरत्र त्याची वेगळी नावे असतात. दाव्याची मुदत परत आलेले पार्सल तुमच्या दारात पोहोचल्यापासून मोजली जाते. आठवड्याभराची पार्सले साठवून रविवारी उघडणाऱ्यांचे दावे त्यामुळेच फेटाळले जातात. पुरावा म्हणून न थांबवता केलेले चित्रीकरण लागते. पार्सल टेबलावर ठेवून सुरुवातीला चिकटपट्टी आणि पाकिटावरचा एअर वे बिल क्रमांक वाचता येईल इतक्या जवळून दाखवावा, मग कॅमेरा न हलवता चिकटपट्टी कापावी, गोधडी पूर्ण उलगडावी, डाग किंवा साबणाचे पांढरे ओघळ दाखवावेत आणि आपण शिवलेला कापडी टॅग जागेवर आहे की उसवला आहे तेही दाखवावे. पाठवताना टॅग एका कोपऱ्यात शिवून त्यावर शाईने लहानसा क्रमांक घातला आणि त्याचा फोटो ठेवला, तर ‘हीच गोधडी गेली होती’ हे सिद्ध करता येते. शेजारच्या दुकानातली पातळ चादर परत आल्यावर या क्रमांकाशिवाय बोलायला काहीच उरत नाही.

पायरी ४: पैसे कोणत्या तारखेला येतील, हे दिनदर्शिकेवर मांडा

‘सात दिवसांत पैसे’ या शब्दांत सात दिवस कशापासून, हा खरा प्रश्न आहे. ते ऑर्डरपासून मोजले जातात, पाठवल्यापासून, माल पोहोचल्यापासून की परतीची मुदत संपल्यापासून, हे करारातील पैसे देण्याच्या कलमात असते. समजा, १ तारखेला ऑर्डर आली, २ ला माल पाठवला, ७ ला पोहोचला आणि पोहोचल्यापासून ७ दिवसांनी रक्कम देय होते. म्हणजे १४ तारीख झाली. हिशेबाचा दिवस आठवड्यातून एकदाच असेल, तर आणखी काही दिवस जातात आणि मध्ये बँकेची सुटी आली तर त्यात भर पडते. कापडाला पैसे घातल्यापासून ते परत येईपर्यंत शिवण्याचे दिवस धरून तीन आठवडे सहज होतात. आठवड्याला १५ गोधड्या विकायच्या असतील, तर दर आठवड्याला ८,९२५ रुपये आणि तीन आठवड्यांसाठी २६,७७५ रुपये अडकलेले राहणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. दिवाळीच्या तोंडावर विक्री दुप्पट झाली की ही रक्कमही दुप्पट होते, आणि उधारीवर कापड देणारा व्यापारी नेमका तेव्हाच पैसे मागतो.

या भागातील दोन कलमे बारकाईने वाचावीत. एक म्हणजे राखीव रक्कम. संभाव्य परतींसाठी बाजारपेठ तुमच्या पैशांतला काही भाग रोखून ठेवू शकते आणि नव्या खात्यावर तो बहुधा जास्त असतो. दुसरे म्हणजे वळतावळत. पुढे आलेल्या परतींची रक्कम नंतरच्या विक्रीतून कापली जाते आणि विक्री थांबलेली असेल तर खाते उणे होते. उणे रक्कम कशी वसूल होईल आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या खात्यातून ती कापता येईल का, हेही तिथेच लिहिलेले असते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत हा २००६ च्या कायद्याचा नियम अनेकांनी ऐकलेला असतो. पण तो माल विकत घेणाऱ्यासाठी आहे. करारात बाजारपेठ स्वतःला मध्यस्थ म्हणवते आणि तुमचा खरेदीदार साताऱ्याबाहेरचा तो ग्राहक असतो, तेव्हा अडलेल्या रकमेसाठी या नियमावर विसंबू नये.

दर हिशेबाचे पत्रक उतरवून घेऊन त्यातील प्रत्येक ऑर्डर आपल्या वहीतल्या ऑर्डरीशी ताडून पाहावी. ७७१ रुपये ४२ पैशांच्या जागी ६२९ रुपये ८२ पैसे आले असतील, तर १२० रुपयांचा वजनाचा फरक आणि त्यावरचा २१ रुपये ६० पैसे जीएसटी कापला गेला आहे, हे असे ताडल्यावरच कळते.

पायरी ५: खाते कशामुळे थांबते आणि थांबल्यावर काय करायचे

निलंबनाचे कलम बहुतेक करारांत बाजारपेठेला मोठी मोकळीक देते. कारण दिसताच, पूर्वसूचना न देताही खाते थांबवता येईल असे शब्द असतात. प्रत्यक्षात घरगुती विक्रेत्यांची खाती मोजक्याच कारणांनी थांबतात.

कामगिरीचे निकष हे त्यांतले पहिले. ॲमेझॉनवर सदोष ऑर्डरींचे प्रमाण १ टक्क्याखाली, उशिरा पाठवण्याचे ४ टक्क्यांखाली आणि पाठवण्यापूर्वी स्वतः रद्द करण्याचे २.५ टक्क्यांखाली असावे लागते. हे टक्के हजारो ऑर्डरींच्या विक्रेत्याला सोपे जातात, पण मोजणीच्या काळात तुमच्या फक्त ५० ऑर्डरी असतील, तर एकच तक्रार म्हणजे २ टक्के होतात. त्यामुळे गौरी-गणपतीला गावी जाताना किंवा शिवणाऱ्या बाई आजारी असताना पॅनेलवर सुटीची नोंद करून विक्री थांबवावी. ऑर्डरी येऊ देऊन त्या रद्द करत बसल्यास मोठा फटका बसतो.

दुसरे कारण कागदपत्रांचे असते. जीएसटी प्रमाणपत्रावर ‘रा. शाहूपुरी’ आणि खात्यावर ‘सदर बझार’, किंवा बँक खाते पतीच्या नावावर आणि नोंदणी पत्नीच्या, अशा विसंगती पडताळणीत अडकतात. एकाच घरातून, एकाच मोबाइलवरून भावाचे बंद पडलेले जुने खाते चालले असेल, तर ‘संबंधित खाते’ म्हणून नवे खातेही थांबवले जाते.

तिसरे कारण लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्यांना हमखास गाठते. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या बाजारातून आणलेल्या कापडावर एखादे प्रसिद्ध कार्टून छापलेले असते, गोधडी गोजिरवाणी दिसते आणि नावातही त्या कार्टूनचे नाव घातले जाते. मग हक्कधारकाची तक्रार येते. कापडाचे बिल दाखवून इथे सुटका होत नाही, कारण बिलावरून कापड विकत घेतल्याचे कळते. ते चित्र वापरण्याचा परवाना त्यातून सिद्ध होत नाही. असे कापड मुळात घेऊच नये.

नोटीस आली की आधी थांबले आहे ते एखाद्या वस्तूचे पान की संपूर्ण खाते, हे पाहावे, कारण दोन्हींचे उत्तर वेगळ्या ठिकाणी द्यायचे असते. उत्तरात तीन गोष्टी असाव्यात: नेमके काय घडले, ते निस्तरण्यासाठी काय केले आणि पुन्हा घडू नये म्हणून कोणती व्यवस्था लावली. ‘मी प्रामाणिक आहे, माझे घर यावर चालते’ अशा मजकुराने काहीच हलत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक क्रमांकाच्या चार ऑर्डरी शिलाई पूर्ण न झाल्यामुळे उशिरा गेल्या. चारही ग्राहकांना माल पोहोचला आहे. आता तयार नगांइतकाच साठा पॅनेलवर दाखवला जातो आणि पाठवण्याचा अवधी दोनऐवजी तीन दिवस ठेवला आहे.’ सोबत पुरावे जोडावेत आणि सगळे एकदाच पाठवावे. रोज एक नवे अर्धवट उत्तर पाठवल्यास प्रकरण मागे पडते.

निलंबनाच्या काळात जमा रक्कम किती दिवस रोखता येईल, हा आकडा आधीच शोधून लिहून ठेवावा. करारात ९० दिवस असे लिहिले असेल, तर आपल्या बाईंचे २६,७७५ रुपये तीन महिने अडकू शकतात, आणि त्या काळात परती मात्र येतच राहतात. या जोखमीमुळे सगळा माल एकाच बाजारपेठेवर लावू नये आणि तिच्या गोदामात तर पंधरवड्याला पुरेल इतकाच ठेवावा. खाते थांबले की गोदामातील माल काढून आणण्याचेही शुल्क लागते.

वाद वाढलाच तर ‘विवाद निवारण’ हे कलम लागू होते. त्यात बहुधा लवाद असतो आणि त्याचे ठिकाण साताऱ्याच्या आसपास नसून बाजारपेठेचे मुख्य कार्यालय असलेल्या शहरात असते. वीस-पंचवीस हजारांसाठी तिथपर्यंत जाणे परवडत नाही, त्यामुळे अशा वेळी पॅनेलवरील तक्रारीची साखळी, तिचे क्रमांक आणि वेळच्या वेळी घेतलेले स्क्रीनशॉट हेच तुमच्या हातात राहतात. खाते बंद झाल्यावर पॅनेल उघडतेच असे नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी मागील महिन्याची हिशेबपत्रके, शुल्कांची जीएसटी बिले, परतींची यादी आणि करकपातीची पत्रके उतरवून आपल्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवावीत. जीएसटी आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रांसाठी ती खाते बंद झाल्यानंतरही लागतात.